नाइट लागली की पाळी पुढे का जाते?

"मॅडम, नाइट शिफ्ट लागली की माझी पाळी लांबते. या वेळी एक्केचाळीस दिवस झाले. आई म्हणते पीसीओडी असेल. तसं काही असेल का?"

ऐरोली, महापे, घणसोलीत कामाला जाणाऱ्या मुलींकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी रोस्टर सोबतच आणायला सांगते. ही डोंबिवलीची, ऐरोलीत नोकरीला, महिन्यातले दोन आठवडे नाइट, ऑफिसची कॅब सगळ्यांना सोडत सोडत घरी पोचवणार साडेआठला. पाळी आली ३ जूनला, मग एकदम १४ जुलैला. तिने जुलैतल्या लग्नाच्या धावपळीला दोष दिलेला.

मी म्हटलं, १४ जुलैतून चौदा दिवस मागे जा.

"तीस जून."

बीज साधारण तेव्हा सुटलं. बीज सुटल्यावर पाळी यायला बहुतेकींना बारा ते चौदा दिवस लागतात, हा भाग फारसा ताणला जात नाही, लांबतो तो आधीचा भाग. एरवी तुझं बीज कधी सुटायचं?

"सतरा-अठराला." मग रोस्टरवर बोट ठेवून गप्पच झाली. ९ ते २२ जून नाइट! "म्हणजे जुलैचा काही संबंधच नाही?"

उपदेश करण्यापेक्षा माणसाला त्याचाच कागद वाचायला लावावा या मताची मी, आणि खरं सांगू, असे क्षण मला फार आवडतात.

मेंदूत उजेड-अंधारावर चालणारं एक घड्याळ असतं, बीज सोडायचा इशाराही मेंदूतूनच जातो. रात्रभर ट्यूबलाइट, सकाळी कॅबमध्ये तोंडावर ऊन आणि सुट्टीला परत रात्री झोप, असं झालं की घड्याळाला दिवस कुठला तेच कळत नाही आणि तो इशारा उशिरा जातो. सगळ्यांचंच असं होतं असं नाही, पण सारखी बदलती शिफ्ट जास्त त्रास देते.

तिने मग कॅबमध्ये गॉगल लावला (स्वतः स्कूटर चालवत असाल तर झोपेच्या डोळ्यांनी हा प्रयोग नको), खोलीला जाड पडदे लावले, आणि सुट्टीच्या दिवशीही सकाळी नऊ ते बाराची झोप सोडली नाही. कामावाल्या बाईंची वेळ बदलून घ्यायलाच जास्त बोलावं लागलं! पुढची पाळी तेहतीस दिवसांनी आली. एकवीस ते पस्तीस दिवस नॉर्मलच धरतात.

तरी सगळं शिफ्टवर ढकलू नका. संबंध आले असतील तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट, कारण बीज कधी सुटेल याचा नेम नसताना 'सेफ दिवस' मोजण्यात अर्थ नाही. तीन महिने पाळीच नाही, किंवा तासाला पॅड भिजतंय, तर डॉक्टरकडे जा. ते थायरॉइड, प्रोलॅक्टिन तपासायला सांगतील, तेव्हा नाइट करता हे आवर्जून सांगा, प्रोलॅक्टिन झोपेत वाढतं, त्यामुळे दिवसा झोपून उठल्या उठल्या रक्त दिलं तर आकडा उगाच जास्त येऊ शकतो.