लॅडर मोजू नका, ओळखा

पीसीआरचे दोन तुकडे आहेत, 380 आणि 420 बेसपेअरचे. 1 टक्क्याच्या जेलवर एकच जाड बँड दिसतो. जेल जास्त वेळ चालवू का?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, फतेहगंज

वेळ वाढवून फारसं काही हाती लागणार नाही. 1 टक्क्याच्या जेलची जाळी या तुकड्यांसाठी फार मोकळी असते. दोघंही जवळपास सारख्याच वेगाने निघून जातात आणि जितका वेळ जास्त चालवाल तितके पसरत जातात. 1 टक्का चांगला चालतो तो साधारण 500 ते 10,000 बेसपेअरच्या मधल्या मालासाठी. तुम्ही 2 टक्क्यांवर या. म्हणजे 50 मिली टीएई बफरमध्ये 1 ग्रॅम ॲगारोज.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. 2 टक्क्यांचं जेल विरघळायला वेळ घेतं, मायक्रोवेव्हमध्ये ते दुधासारखं उतू जातं, म्हणून आपण थांबवत-थांबवत चार-पाचदा उकळतो. तेवढ्यात 6-7 मिली पाणी वाफ होऊन जातं आणि 2 टक्क्यांचं जेल नकळत 2.3 टक्क्यांचं होतं. मग मागच्या आठवड्याच्या फोटोशी या आठवड्याचा फोटो जुळत नाही आणि मुलं प्रायमरला दोष देत बसतात. उकळण्याआधी फ्लास्क वजन करून ठेवा, नंतर जेवढं वजन घटलं तेवढं गरम डिस्टिल्ड पाणी घाला. फ्लास्क हाताला सोसेल इतका निवला की मगच ओता.

एवढं करूनही दोन बँडमध्ये दोनेक मिलिमीटरचंच अंतर पडेल. म्हणून पातळ दातांचा कोंब वापरा आणि सँपल थोडंच घाला. वेल ठासून भरली की बँड इतका जाड होतो की ते अंतर तोच गिळून टाकतो.

प्रॅक्टिकलला लॅम्डा-हिंडथ्री मार्कर होता, जेल 1 टक्क्याचं. मार्करच्या सहा रेघा दिसल्या. माझा बँड सर्वांत खालच्या दोन रेघांच्या बरोबर मध्ये होता, म्हणून 125 आणि 564 ची सरासरी काढून 345 लिहिलं. सर म्हणाले 1100 च्या आसपास हवं. एवढी चूक कशी झाली?
– बी.एस्सी., तिसरं वर्ष, कारेलीबाग

सरासरी चुकली ती दुय्यम गोष्ट. त्याच्या आधी रेघांची नावं चुकली.

लॅम्डा हा 48,502 बेसपेअरचा विषाणूचा डीएनए. हिंडथ्री त्याचे आठ तुकडे करतं: 23,130, 9,416, 6,557, 4,361, 2,322, 2,027, 564 आणि 125. प्रत्येक तुकडा संख्येने सारखाच असतो, पण रंग धरतो तो लांबीच्या प्रमाणात. तुम्ही 500 नॅनोग्रॅम मार्कर घातला असेल तर 23,130 च्या वाट्याला जवळजवळ 240 नॅनोग्रॅम येतात, 564 च्या वाट्याला जेमतेम 6 आणि 125 ला सव्वा. तो सव्वा नॅनोग्रॅम डोळ्याला दिसत नाही. त्यात इथिडियम ब्रोमाइड जेलमध्येच मिसळलेलं असेल, तर ते डीएनएच्या उलट दिशेने, वेलकडे सरकतं आणि जेलचा तळ आणखी फिका पडतो. म्हणजे तुम्हाला दिसलेली सर्वांत खालची रेघ 125 ची नव्हती, 564 ची होती.

मग रेघा सात दिसायला हव्या होत्या. सातवी गेली कुठे? लॅम्डाच्या दोन टोकांना 12 बेसची एकमेकांना जुळणारी शेपटं असतात. एक टोक 23,130 च्या तुकड्यावर, दुसरं 4,361 च्या. मार्कर फ्रीजमधून काढून तसाच घातला की ही दोन टोकं एकमेकांना चिकटलेलीच राहतात. जोडतुकडा वर 23,130 च्या गर्दीत मिसळतो आणि 4,361 ची रेघ पुसट होते किंवा दिसतच नाही. मार्कर 65 अंशांवर 5 मिनिटं ठेवून लगेच बर्फात घातला असता, तर ती दिसली असती. मी शिकत होते तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत ही पायरी कोणीच करत नसे. पुसट रेघ दिसली की आम्ही ‘मार्कर जुना झाला’ म्हणून मोकळे व्हायचो.

म्हणून हा मार्कर वाचताना वरून किंवा खालून मोजायचं नाही, त्यातली जोडी शोधायची. 2,322 आणि 2,027 या रेघा अगदी चिकटून असतात, तुमच्या जेलवर दोन-तीन मिलिमीटरवर. ती जोडी सापडली की खालची एकटी, फिकी रेघ 564. तुमच्या हिशेबात या जोडीला 564 आणि 2,027 ही नावं मिळाली असणार. जवळजवळ चौपट फरकाचे दोन तुकडे एकमेकांना खेटून कसे पळतील? तिथेच शंका यायला हवी होती.

आता सरासरीचं. अंतर लांबीच्या प्रमाणात कापलं जात नाही, लांबीच्या लॉगच्या प्रमाणात कापलं जातं, आणि तेही साधारणच. समजा वेलपासून 2,027 ची रेघ 41 मिलिमीटरवर, 564 ची 65 वर आणि तुमचा बँड 53 वर, म्हणजे बरोबर मध्ये. मग दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचं:

√(2027 × 564) ≈ 1069

साधी सरासरी 1,295 आली असती. 1,069 आणि 1,100 मधला फरक तीन टक्क्यांचा, जेलकडून याहून जास्त अपेक्षा करू नये. दोन रेघांच्या मध्ये इतकी मोठी पोकळी असेल तर मीही आकड्यापुढे ‘सुमारे’ लिहिते. शक्य असेल तर या मापाच्या तुकड्याला 100 बेसपेअरचा लॅडर मागून घ्या. आणि 9,416 च्या वर हे गणित लावूच नका, तिथे 1 टक्क्यात रेघा एकमेकींवर चढतात.

5,000 बेसपेअरचं प्लाझ्मिड काढलं, पण लॅडरप्रमाणे ते 3,000 च्या आसपास दिसतं, शिवाय वर आणखी एक रेघ आहे. दुसरंच प्लाझ्मिड आलं का?
– संशोधक विद्यार्थी, मकरपुरा

बहुतेक तेच आहे. लॅडरमधले तुकडे सरळ असतात, तुमचं न कापलेलं प्लाझ्मिड पीळ घातलेलं. पिळामुळे ते आटोपशीर होऊन जाळीतून लवकर निसटतं. वरची रेघ त्याचीच, पण एका धाग्याला चीर पडून पीळ सुटलेली, म्हणून मंद. न कापलेल्या प्लाझ्मिडचं माप लॅडरशी लावता येत नाही. ज्या एन्झाइमची त्यात एकच जागा आहे त्याने कापा आणि 0.8 टक्क्यावर चालवा. दोन्ही रेघा जाऊन 5,000 पाशी एकच रेघ आली तर प्रश्न मिटला. पण कापलेल्याच्या शेजारी न कापलेलं सँपलही चालवा, नाहीतर एन्झाइमने काम केलं की नाही हे कळणार नाही.

जेल चालू केलं आणि निळा डाय वेलमधून वर, उलट्या बाजूला निघाला. सगळं फुकट गेलं का?
– प्रयोगशाळा साहाय्यक, मांडवी

डाय अजून जेलच्या आत असेल तर नाही. पॉवर पॅक बंद करा, वायरी बदला: काळी वेलच्या बाजूला, लाल समोर. डीएनए आल्या वाटेने परत जाईल. बँड थोडे जाड येतील एवढंच.