कर्मणी की भावे? शेवटी '-ले' आलं की काय तपासायचं

'मुलाने पुस्तक वाचले' हा कर्मणी आणि 'मुलाने मांजराला पकडले' हा भावे असं का? दोन्हीकडे शेवटी 'ले'च आहे. मग ओळखायचं कसं?

क्रियापदाकडे बघत बसून हे सुटणार नाही, कारण नपुंसकलिंगी एकवचनी कर्म असलं की कर्मणी आणि भावे या दोन्ही प्रयोगांत क्रियापदाचं रूप एकच येतं. कर्म बदलून पाहा. 'पुस्तक'च्या जागी 'धडा' ठेवला तर 'मुलाने धडा वाचला', 'गोष्ट' ठेवली तर 'वाचली', 'गोष्टी' ठेवल्या तर 'वाचल्या'. क्रियापद प्रत्येक वेळी कर्मामागे गेलं, म्हणून कर्मणी. आता दुसरं वाक्य घ्या: बोक्याला पकडले, मांजरीला पकडले, मांजरांना पकडले. कर्माचं लिंग बदललं, वचन बदललं, तरी 'पकडले' जागचं हललं नाही. 'मुलाने'चं 'मुलींनी' केलंत तरी हलणार नाही. म्हणून भावे.

यामागचं कारण सरळ आहे. क्रियापद फक्त प्रथमेतल्या, म्हणजे प्रत्यय न लागलेल्या नामाशी जुळतं. कर्ता प्रथमेत असेल तर ते त्याच्याशी जुळतं, तो कर्तरी. कर्त्याला 'ने' किंवा 'नी' लागला आणि कर्म मोकळं राहिलं तर कर्माशी जुळतं. कर्मालाही 'ला' लागला, किंवा 'मुलाने हसावे'सारखं कर्मच नसलं, तर जुळायला कुणी उरत नाही आणि क्रियापद तृतीय पुरुषी नपुंसकलिंगी एकवचनात थांबतं. 'आज लवकर उजाडले' यात तर कर्ताही सापडत नाही, तोही भावेच.

म्हणून आधी कर्ता पाहायचा आणि मग कर्म. हा क्रम उलटा झाला की 'मुलगी मांजराला पकडते' यातला 'ला' पाहून भावे लिहिलं जातं. कर्ता मोकळा आहे, 'मुलगा'साठी 'पकडतो' होतं, म्हणजे हा कर्तरी.

खरी अडचण 'मी', 'तू', 'आम्ही', 'तुम्ही' यांची, कारण प्रथमा आणि तृतीया या दोन्ही विभक्तींत त्यांचं रूप तेच राहतं. 'मी पोळी खाल्ली' यात कर्ता मोकळा दिसतो, पण तिथे 'तो' घालायला गेलात तर 'त्याने पोळी खाल्ली' असंच म्हणावं लागतं. 'ने' आला, म्हणजे कर्मणी. उलट 'मी पाणी प्यायलो' याचं 'तो पाणी प्यायला' होतं. 'ने' आला नाही, म्हणजे कर्तरी. पिणे, शिकणे, विसरणे ही क्रियापदं सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्याशीच जुळतात: ती धडा शिकली, तो वही विसरला. 'सकर्मक क्रियापद, भूतकाळ, म्हणजे कर्मणी' एवढंच पाठ केलं की इथे हमखास चूक होते.

दोन कर्मं असतील तेव्हा 'ला' लागलेलं कर्म बाजूला ठेवा. 'शिक्षकांनी मुलीला प्रश्न विचारला' यात 'प्रश्न' मोकळा आहे आणि 'विचारला' त्याच्याशी जुळतं, म्हणून कर्मणी.

कानाचाही उपयोग होतो. 'त्याने आंबे खाल्ले' यातला 'ले' पुल्लिंगी अनेकवचनाचा आहे, बोलताना त्याचं 'खाल्लं' होत नाही. 'मांजराला पकडले' मात्र सहज 'पकडलं' होतं. 'लं' म्हणता आलं नाही तर भावे नाही हे तिथेच ठरलं. म्हणता आलं तर कर्म बदलून पाहायचं, कारण 'पुस्तक वाचलं'ही होतं.

हा जुळवणीचा नियम 'करण्यात आले' छापाच्या वाक्यांत सर्वांत जास्त मोडतो. 'विद्यार्थ्यांना बक्षिसे देण्यात आले' हे चूक आहे. देणारा वाक्यात नाही, 'विद्यार्थ्यांना' या शब्दाला 'ना' लागला आहे, 'बक्षिसे' मोकळं आहे. म्हणून 'बक्षिसे देण्यात आली', 'सूचना देण्यात आल्या', 'पुरस्कार देण्यात आला'. 'चोराला पकडण्यात आले' हे मात्र बरोबर, कारण तिथे मोकळं नामच नाही. तेच 'चोर पकडला गेला' असं लिहिलं की 'चोर' मोकळा होतो आणि क्रियापद लगेच त्याच्याशी जुळतं. चोर अनेक असतील तर 'पकडले गेले'. 'चोराला पकडला गेला' असं कुठे दिसलं तर लिहिणाऱ्याने दोन रचना एकमेकींत मिसळल्या आहेत: 'चोराला' ठेवायचं असेल तर 'पकडण्यात आले' लिहा, 'पकडला गेला' ठेवायचं असेल तर 'ला' काढा.