ओल्या टाइल्स बघून ओटीपी देऊ नका

प्रश्न: "वाकडला टूबीएचके आहे. जुने भाडेकरू गेले, नवे १ तारखेला येणार. डीप क्लीनिंगमध्ये नक्की काय येतं, आणि काम नीट झालंय हे मालकाने कसं तपासायचं?"

झाडू-पोछा, पंखे, जाळ्या हे सगळे करतातच, ते सोडून देतो. ट्रॉल्या बाहेर काढून त्यांच्या मागची भिंत, चिमणीचे फिल्टर, स्लायडिंग खिडक्यांचे ट्रॅक आणि ड्राय बाल्कनी एवढं आधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. एसी सर्व्हिस, पेस्ट कंट्रोल आणि भिंतीवरचे डाग यात सहसा धरत नाहीत.

खरी गोम बाथरूममध्ये. बोअर आणि टँकरच्या पाण्याने टाइल्सवर, नळांवर पांढरा क्षाराचा थर बसतो. टाइल ओली असली की तो दिसतच नाही, वाळली की पुन्हा उमटतो. आमच्याकडे आलेल्या एजन्सीच्या पोरांनी पाणी मारून चकचकीत बाथरूम दाखवलं, फोटो काढले आणि काम पूर्ण झाल्याचा ओटीपी घेतला. संध्याकाळी टाइल्स जशाच्या तशा पांढऱ्या. वर ॲसिड ओतलेलं, म्हणून टाइलमधल्या सांध्यांची भुकटी व्हायला लागली आणि नळांवर तपकिरी ठिपके आले. ऑफिसला फोन केला तर एकच पालुपद: "सर, ओटीपी दिला म्हणजे तुम्ही काम ॲक्सेप्ट केलं." सांधे पुन्हा भरून घेण्याचा खर्च क्लीनिंगपेक्षा जास्त झाला. असो.

ॲसिड क्षार खातं, पण सिमेंट आणि संगमरवरही खातं, आणि त्याच्या वाफेने स्टीलला, क्रोमला गंज चढतो. म्हणून आधीच सांगा: बाथरूमचं कडक ॲसिड नको, सौम्य सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगर चालेल, तेही संगमरवरावर नाही. वेळ जास्त लागतो, तो द्या. यातलं काहीही ब्लीचबरोबर मिसळू देऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

तपासताना बाथरूम कोरडं पुसून घ्या, पंखा लावून पूर्ण वाळू द्या, मग मोबाईलचा टॉर्च टाइलला चिकटवून आडवा धरा. राहिलेला थर लगेच खरखरीत दिसतो. सांध्यावरून किल्ली हलकेच ओढा, पांढरी भुकटी निघाली तर ॲसिड मारलंय असं समजा (सांधे आधीच जुने असतील तर मात्र खात्री नाही, म्हणून कामाआधी एकदा बघून ठेवा). किचनमध्ये चिमणीची कड आणि ट्रॉलीचे चॅनेल कोऱ्या टिश्यूने पुसा. पिवळट, चिकट आलं तर परत करून घ्या. नहाणीची जाळी काढून बादलीभर पाणी ओता, तुंबतंय का बघा.

एवढं झाल्यावरच ओटीपी. पोरं घाई करतात, त्यांना पुढचं काम असतं, चहा पाजा आणि थांबवा.

डिपॉझिटचं माझं वैयक्तिक मत, मी वकील नाही: क्षाराचा थर पुण्याच्या पाण्याचा आहे, भाडेकरूचा नाही, त्यासाठी त्याचे पैसे कापू नका. चिमणीतलं तेल वेगळं.

आणि रंगकाम, प्लंबिंग, ड्रिलिंग आधी, क्लीनिंग नंतर, झुरळांचं जेल सगळ्यात शेवटी. आधी लावलंत तर हीच पोरं ते पुसून टाकतील.