पूर्व थोडक्यात गेली, आता मित्राशी काय बोलू?

प्रश्न : माझा गावाकडचा मित्र पुण्यात राहून राज्यसेवेचा अभ्यास करतोय. हे त्याचं तिसरं वर्ष. पूर्व परीक्षा थोडक्यात गेली. 'होईल रे' म्हटलं की तो गप्प होतो, काही बोललो नाही तर मलाच अपराधी वाटतं. मी नोकरीला लागलोय, त्यामुळे आमच्यात अंतर पडायला लागलंय. त्याला खोटी आशा किंवा कीव न दाखवता आधार कसा देऊ?

तुमचं पत्र वाचून मला दोन मैत्रिणी आठवल्या. त्यांच्या परवानगीने आणि नावं बदलून त्यांच्याबद्दल लिहिते. स्वाती कोथरूडला बँकेत नोकरी करते. मनीषा धाराशिव जिल्ह्यातली. ती नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून अभ्यास करत होती. 1 डिसेंबर 2024 ची पूर्व मनीषाच्या हातून पाच गुणांनी गेली आणि त्यानंतर स्वाती माझ्याकडे आली. "ती माझा फोनच उचलत नाही," एवढंच ती पहिल्यांदा बोलली.

मी तिला विचारलं, फोनवर तुम्ही बोलता काय? उत्तर ठरलेलं होतं. सुरुवात "अभ्यास कसा चाललाय?" ने आणि शेवट "या वेळी नक्की होणार बघ" ने. अभ्यासिकेत बारा-बारा तास बसणाऱ्या मुलीला पहिला प्रश्न हजेरीसारखा वाटतो. दुसऱ्या वाक्यात तर तिच्यावरच एक जबाबदारी येते. निकाल पुन्हा गेला, तर आता स्वातीचंही मन मोडणार! म्हणून फोन न उचलणं सोपं पडतं.

कीव मात्र वेगळ्याच ठिकाणी लपली होती. भेटल्यावर बिल नेहमी स्वातीच द्यायची, मनीषाला पाकीट काढू द्यायची नाही. आणि स्वतःचं लग्न ठरल्याचं तिने मनीषाला सांगितलंच नव्हतं, 'तिला वाईट वाटेल' म्हणून. ते मनीषाला दुसऱ्या कुणाच्या तरी स्टेटसवरून कळलं. पाच गुणांपेक्षा हे तिला जास्त लागलं होतं. मैत्रिणीने आपल्याला आनंदाची बातमी ऐकण्याइतकंही धड समजू नये, याचा अर्थ तिने बरोबर ओळखला होता.

म्हणून पहिलं काम अभ्यासाचं नव्हतंच. स्वातीने जाऊन सरळ सांगितलं, "लग्न ठरलंय. तुला आधी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं, चुकलं माझं." मनीषा चिडली, बरंच बोलली. त्या दिवशी चहाचे पैसे तिने दिले आणि स्वातीने ते देऊ दिले.

त्यानंतर दोघींनी शनिवारची संध्याकाळ ठरवली, अर्धा-पाऊण तास, निकाल काहीही लागो. भेटीत अभ्यासावर बोलायचं की नाही हे मनीषा ठरवणार. ही अट महत्त्वाची आहे. सल्ला विचारून द्यावा. न विचारता दिलेला सल्ला तिसऱ्या वर्षी टोमण्यासारखा ऐकू येतो.

एका शनिवारी मनीषाने स्वतःच प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका बाहेर काढली. सीसॅट हा पेपर आता 33 टक्क्यांच्या पात्रतेपुरताच आहे, त्यामुळे कट-ऑफ ठरतो सामान्य अध्ययनाच्या 200 गुणांवर. तिथे बरोबर उत्तराला दोन गुण आणि चुकलं की अर्धा वजा. मी सुचवलं होतं की चुकलेल्या प्रश्नांचे तीन ढीग करा: माहीत नव्हतं, दोन पर्यायांत अडकले, आणि येत होतं पण चुकलं. तिसऱ्या ढिगात चार प्रश्न निघाले. त्यातले तीन 'खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही' या छापाचे. 'नाही' हा शब्द नजरेतून सुटला होता. असा एक प्रश्न अडीच गुणांना पडतो, मिळणारे दोन जातात आणि वर अर्धा कापला जातो. चार प्रश्नांचे दहा गुण. आणि पूर्व गेली होती पाच गुणांनी.

स्वाती यावर "बघ, तुझं झालंच होतं की!" म्हणाली असती तर तीही खोटी फुंकर ठरली असती, कारण ते झालेलं नव्हतं. ती म्हणाली, "हे चार तुला येत होते. पहिल्या ढिगातले जास्त आहेत, त्यातले बहुतेक अर्थव्यवस्थेचे आहेत." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मनीषाने त्या आठवड्यापासून सराव पेपरात 'नाही' आणि 'अयोग्य' या शब्दांभोवती पेनाने गोल करायला सुरुवात केली.

'तिसरं वर्ष' या शब्दालाही तपासून घ्यायला हवं. मनीषा 2022 मध्ये पुण्यात आली. तेव्हापासून राज्यसेवेची पूर्व तिने दिली दोनदाच, 2023 ची आणि 2024 ची. 2024 ची पूर्व लांबत गेली. 25 ऑगस्टलाच आयबीपीएसची बँक भरतीची परीक्षाही आली म्हणून पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि परीक्षा डिसेंबरात गेली. नातेवाईक मात्र 'तीन वर्षं झाली' असंच मोजतात. तुमच्या मित्राने प्रत्यक्ष किती पेपर दिले, हे तुम्हाला तरी नीट माहीत असू द्या.

पुढे मनीषाने 2025 च्या वर्णनात्मक मुख्य परीक्षेची तयारी धरली. हा पॅटर्न आधी 2023 पासून येणार होता, आंदोलनानंतर 2025 वर गेला. वर्षानुवर्षं गोळे रंगवलेल्या हाताला लिहायची सवय नसते. स्वातीला विषयातलं काही कळत नव्हतं, पण मोबाइलवर वेळ लावणं आणि लिहिलेलं उत्तर मोठ्याने वाचून दाखवणं तिला जमलं. जिथे वाचताना ती अडखळायची तिथे मनीषा वाक्य तोडायची. मित्राकडून होऊ शकणारी ही खरी मदत आहे, आणि ती करायला 'तू हुशार आहेस' म्हणावं लागत नाही.

थांबायचं कधी, हा विषय आपण काढू नये, पण मित्राने काढला तर टाळूही नये. मनीषाने तो काढला, घरून लग्नाचा तगादा सुरू झाल्यावर. तेव्हा स्वातीने विचारलं, "तुझ्या मते कुठपर्यंत?" एवढाच प्रश्न. तारीख मनीषाने लिहिली, त्यासोबत संयुक्त गट-ब चा अर्ज भरायचंही तिनेच ठरवलं. ती तारीख दुसऱ्याने ठरवली असती तर तो हुकूम झाला असता.

एका गोष्टीत मात्र शनिवारची वाट बघू नका. मित्राची झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, मेस सुटली असेल, तो अभ्यासिकेला जायचाच बंद झाला असेल, किंवा 'घरच्यांवर ओझं झालोय' असं बोलत असेल, तर थेट विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर सोबत बसून फोन लावा आणि घरी कळवा. त्याने 'कुणाला सांगू नको' म्हटलं तरी.

तसं काही नसेल तर या आठवड्यात त्याला एवढाच मेसेज करा, "शनिवारी सहाला अलका चौकात येतोय, चहा घेऊ. अभ्यासावर बोलायचं नसेल तर नको." तो नाही म्हणाला तर पुढच्या शनिवारी पुन्हा विचारा. आणि भेटलात की तुमच्या ऑफिसातल्या कटकटीही त्याला सांगा, त्याचं मत घ्या.