पडदा नेमका कधी सारायचा?

प्रश्न : ‘कंपनीचा पडदा दूर सारणे’ हा प्रयोग नेमका कुठे लागू होतो? परीक्षेत प्रसंग देऊन पर्याय निवडायला सांगतात, तेव्हा फसवणूक, करचुकवेगिरी, कामगारांचे हक्क सगळे सारखेच वाटतात. – कायद्याची विद्यार्थिनी, मडगाव

उत्तर : ‘सारणे’ हेच क्रियापद ठेवा, ‘फाडणे’ नको. न्यायालय कंपनी मोडीत काढत नाही. त्या एका वादापुरते तिच्यामागच्या माणसांकडे पाहते, एरवी कंपनी वेगळी ती वेगळीच. 1897 च्या सॅलोमन खटल्यापासून हाच नियम आहे आणि पडदा सारणे हा त्याचा अपवाद.

प्रसंग वाचताना आधी तारखा पाहा. समजा, एका गृहस्थाने म्हापशातले आपले दुकान विकण्याचा करार जानेवारीत केला. मग मन फिरले. मार्चमध्ये त्याने एक कंपनी हाती घेतली, भागधारक तो आणि त्याच्या वकिलाचा कारकून, आणि दुकान तिच्या नावे करून टाकले. आता तो म्हणतो, दुकान माझे नाहीच. इथे बांधिलकी आधीची आणि कंपनी ती चुकवण्यासाठी मधे आणलेली, म्हणून पर्याय ‘कायदेशीर बांधिलकी टाळण्यासाठी कंपनीचा आडोसा’. 1962 च्या जोन्स विरुद्ध लिपमन खटल्यातली हकीकत जवळजवळ हीच. न्यायालयाने लिपमन आणि कंपनी दोघांनाही करार पुरा करायला लावला.

आता तारीख फिरवा. दुकान कंपनीने करारापूर्वी काही वर्षे आधीच रीतसर विकत घेतले होते आणि त्यात तिचा धंदाही चालत होता. मालक तोच, भागधारक तेच, तरी पडदा तसाच राहील. खरेदीदार त्या गृहस्थाकडे भरपाई मागू शकेल, पण केवळ मालकी एका हातात आहे म्हणून कंपनीकडून दुकान मिळणार नाही. परीक्षकाचा सापळा बहुतेक वेळा इथेच असतो.

उरलेल्या दोन पर्यायांत नुकसान कोणाचे, ते विचारा. सर दिनशा पेटिट यांनी आपली गुंतवणूक खाजगी कंपन्यांच्या नावे केली आणि तिचेच उत्पन्न ‘कर्ज’ म्हणून परत घेतले. तोटा सरकारी तिजोरीचा, म्हणून करचुकवेगिरी. मुंबई उच्च न्यायालयाचा हा निकाल 1927 चा. असोसिएटेड रबरने मात्र आपल्याकडचे शेअर एका उपकंपनीकडे वळवले. त्यांचा लाभांश नफ्यातून गळला आणि बोनस घटला. तोटा कामगारांचा, म्हणून कामगार कल्याणाचा कायदा टाळणे.

आणि मालक स्वतःच ‘पडदा सारा’ म्हणत आला तर? मकॉराने आपले लाकूड स्वतःच्याच कंपनीला विकले, विमा मात्र स्वतःच्या नावे काढला. लाकूड जळाले, आणि 1925 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने त्याचा दावा नाकारला. अशा प्रसंगात ‘पडदा सारला जाणार नाही’ हाच पर्याय निवडा.