डिझेल कोण जाळणार, याचा हिशेब आधी

प्रश्न : आमच्या बचत गटाची डाळमिल जानेवारीत सुरू करतोय. मोटर १० एचपीची. शेड गावाबाहेर आहे. वीजजोडणीचं खांबांसकट कोटेशन १ लाख ८० हजारांचं आलं, म्हणून तो विषय सोडला आणि जनरेटरवरच मिल चालवायचं ठरवलं. जुना ९० हजारांत मिळतोय, नवा २ लाख ८० हजारांत. विक्रेता म्हणतो, नवा वर्षाला दीड लाखाचं डिझेल वाचवतो. कर्ज ११ टक्क्यांनी मिळेल. कोणता घ्यावा?
— एक ताई, वाशिम जिल्हा

ताई, विक्रेत्याच्या दीड लाखापासून सुरू करू. जुना जनरेटर या मोटरला तासाला ३.२ लिटर डिझेल पितो आणि नवा २.६ लिटर, असं धरा. फरक ०.६ लिटरचा, म्हणजे ९२ रुपयांच्या भावाने तासाला ५५ रुपये. दीड लाख वाचायला मिल वर्षाला २,७०० तास फिरायला हवी. म्हणजे ३०० दिवस, रोज नऊ तास!

कशाने फिरणार? तूर घरात येते डिसेंबर-जानेवारीत. तिला आधी रोलरवर टोचे पाडायचे, तेल लावायचं, मग उन्हात वाळवायचं, पाणी मारून पुन्हा वाळवायचं, तेव्हा कुठे सालं सुटतात आणि डाळ फुटते. मृग लागला की अंगणातलं वाळवण बंद. ड्रायर तुमच्या यादीत नाही आणि वर्षभराची तूर भरून ठेवायला लागणारं भांडवलही नाही. हरभरा धरूनही १०० दिवस, रोज आठ तास, म्हणजे ८०० तास धरा. ते जमले तरी पहिल्या वर्षी पुष्कळ झालं.

८०० तासांना नव्या जनरेटरची डिझेलबचत ४४ हजार होते, दीड लाख नाही. तरीही तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर नवाच आहे. जुन्याचं डिझेल आणि दुरुस्ती मिळून वर्षाला २ लाख ६० हजार, नव्याचं २ लाख ५ हजार. पुढच्या वर्षांतला रुपया आजच्या रुपयाएवढा जड नसतो, म्हणून आठ वर्षांचा खर्च काढताना वार्षिक आकड्याला आठने न गुणता, ११ टक्के व्याजाने, ५.१५ ने गुणायचं. त्यात खरेदी मिळवली की जुना सव्वाचौदा लाखांना पडतो, नवा साडेतेरा लाखांच्या आत.

पण हा आकडा बघून तुम्हाला धक्का बसायला हवा. २ लाख ८० हजारांचं यंत्र आणि साडेतेरा लाखांचा खर्च; बाकी बहुतेक सगळं डिझेल. जनरेटरची वीज युनिटमागे ३० रुपयांना पडते. खांबावरची, सगळे आकार मिळून, ९ रुपये धरा. तासाला ८ युनिट लागतात. ८०० तासांचं बिल ५८ हजार, वर स्थिर आकार ७ हजार. म्हणजे नव्या जनरेटरच्या तुलनेत वर्षाला १ लाख ४० हजार वाचतात, आणि जे कोटेशन महाग म्हणून तुम्ही बाजूला ठेवलं, त्याचे पैसे सव्वा हंगामात फिटतात. खरी चूक जनरेटर निवडण्याआधीच झाली आहे.

वीज जाते, हे मलाही माहीत आहे. हंगामात १०० तास जनरेटरवर काढायचे म्हणा. आता गंमत बघा, उत्तर उलटतं. १०० तासांत नव्याची बचत साडेपाच हजार. त्यासाठी १ लाख ९० हजार जास्त मोजायचे? कर्जाचं व्याजच वर्षाला वीस हजारांवर जाईल. अशा वेळी जुनाच बरा. जोडणी, जुना जनरेटर, वीज, थोडं डिझेल, दुरुस्ती, सगळं धरून आठ वर्षांचा आकडा पावणेआठ लाखांच्या आसपास येतो.

जुना घेताना विक्रेत्याच्या तोंडावर जाऊ नका. टाकी गळ्यापर्यंत भरा, तुमचीच मोटर जोडा, रोलरमध्ये तूर घालून दोन तास चालवा आणि पुन्हा गळ्यापर्यंत भरा. जितकं डिझेल बसलं त्याच्या निम्मं म्हणजे तासाचा खप. रिकामी मोटर फिरवून दाखवली तर ती चाचणी नाही. भार पडल्यावर काळा धूर सुटत असेल किंवा इंजिनाच्या श्वासनळीतून तेलकट वाफ येत असेल, तर इंजिन उतरवायला झालंय. त्या दुरुस्तीचे चाळीसेक हजार जुन्याच्या किमतीत वर धरा किंवा दुसरा बघा. सुरू होताना मोटर चालू भाराच्या पाच-सहा पट करंट ओढते, म्हणून स्टार्टर स्टार-डेल्टा लावून घ्या, नाहीतर जनरेटर त्याच क्षणी दबेल.

जोडणी वेळेत मिळाली नाही आणि चांगला जुना जनरेटरही तोवर सापडला नाही, तर पहिले दोन महिने जनरेटर भाड्याने आणा. तोवर कोटेशनची मुदत संपली आहे का, ते वीज कार्यालयात जाऊन विचारा. संपली असेल तर नवीन अर्ज याच आठवड्यात द्या.