भिंतीला चिकटणं आणि एकमेकींना बिलगणं

"आई, अ‍ॅडहिजन आणि अ‍ॅग्रिगेशन, दोन्हींना मराठीत 'चिकटणं'च म्हणायचं का? काल आजीला फोनवर प्लेटलेट प्लग, म्हणजे जखमेवर रक्तातल्या प्लेटलेट्सचं बूच कसं बसतं, ते समजावत होते. दोन्ही वेळा तोंडातून तोच शब्द निघाला आणि शेवटी माझाच गोंधळ उडाला."

प्रिय सई,

शब्द दोन आहेत, आपण एकावरच भागवतो एवढंच. प्लेटलेट रक्तवाहिनीच्या भिंतीला धरते ते चिकटणं. प्लेटलेट प्लेटलेटला धरते ते बिलगणं. पाठ्यपुस्तकांतले जड प्रतिशब्द मी मुद्दाम देत नाही, ते आजीलाही कळायचे नाहीत. मात्र 'गुठळी' हा शब्द इथे वापरू नकोस. ती फायब्रिनच्या जाळ्याची, त्याची गोष्ट पुढची.

आता हे दोन शब्द वेगळे का ठेवायचे ते बघ. वाहत्या रक्तात तांबड्या पेशी मधून जातात आणि प्लेटलेट्स कडेला ढकलल्या जातात, म्हणजे त्या भिंतीला जवळजवळ घासतच चाललेल्या असतात. तरी चिकटत नाहीत. भिंतीचं अस्तर शाबूत असेल तर ते नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडत असतं आणि त्यांनी प्लेटलेट्स शांत राहतात. शिवाय धरण्याजोगं तिथे काही नसतंच. अस्तर फाटलं की खालचं कोलॅजन हे तंतूंसारखं प्रथिन उघडं पडतं.

पण बारीक धमनीत रक्ताला इतका वेग असतो की प्लेटलेटला कोलॅजन थेट पकडून थांबायला सवडच मिळत नाही. इथे व्हॉन विलेब्रँड फॅक्टर कामाला येतो. हा प्रथिनाचा लांबच लांब धागा एरवी गुंडाळी होऊन रक्तात फिरतो आणि प्लेटलेटला त्याच्यात रस नसतो. तो उघड्या कोलॅजनवर बसला की प्रवाह त्याला ओढतो, गुंडाळी उलगडते आणि आत लपलेल्या जागा बाहेर येतात. प्लेटलेटवरचा जीपी वन-बी हा रिसेप्टर त्याच जागा पकडतो. म्हणजे ज्या वेगामुळे थांबणं अवघड, तोच वेग थांबण्याची सोय करून देतो. मला हा भाग अजूनही फार आवडतो.

ही पकड चटकन बसते आणि चटकन सुटते. त्यामुळे प्लेटलेट एका जागी थबकत नाही, धरत-सोडत भिंतीवरून घरंगळते. वेग उतरला की जीपी सिक्स हा दुसरा रिसेप्टर कोलॅजनला लागतो आणि तिथून आत निरोप जातो. इथपर्यंत चिकटणं.

निरोप गेला की आतलं कॅल्शियम वाढतं. चपटी चकती गोल होते, तिला काटे फुटतात. कणिकांमधून एडीपी बाहेर पडतं, कॉक्स-वन या एन्झाइमच्या मदतीने थ्रॉम्बॉक्सेन ए-टू तयार होतं, आणि ही दोन्ही रसायनं शेजारून जाणाऱ्या प्लेटलेट्सना हाका मारतात. याला तू 'जागं होणं' म्हण, आजीला लगेच कळेल.

आता बिलगणं. प्रत्येक प्लेटलेटच्या अंगावर सुमारे 80,000 जीपी टू-बी थ्री-ए रिसेप्टर असतात. झोपेतल्या प्लेटलेटवर ते वाकून मिटलेले असतात. फायब्रिनोजेन हे प्रथिन तर रक्तात सदैव भरपूर असतं, पण मिटलेल्या रिसेप्टरवर ते बसू शकत नाही. तसं नसतं तर आपलं सगळं रक्त विनाकारण गोळा झालं असतं. प्लेटलेट जागी झाली की आतूनच निरोप येऊन हे रिसेप्टर ताठ होतात. फायब्रिनोजेनची दोन्ही टोकं सारखीच असतात. एक टोक हिला, दुसरं तिला. अशी साखळी वाढत जाते आणि भोक बुजतं.

या दोन पायऱ्या खरोखर वेगळ्या आहेत हे मला पुस्तकाने नाही, एका दहा वर्षांच्या मुलीच्या रक्ताने पटवलं. लहानपणापासून घोळणा फुटायचा, हिरड्यांतून रक्त यायचं, कुठे आपटलं नसतानाही अंगावर काळेनिळे डाग. प्लेटलेट्स 2 लाख 40 हजार, म्हणजे अगदी व्यवस्थित. रक्त गोठण्याच्या पीटी आणि एपीटीटी या तपासण्याही नॉर्मल. आधी कुणीतरी 'रक्त ठीक आहे' असं सांगून घरी पाठवलं होतं. मी बोटाला सुई टोचून, त्याच थेंबाची थेट काचपट्टी केली. अशा पट्टीत प्लेटलेट्स एरवी पुंजक्यांनी दिसतात. हिच्या मात्र सुट्या सुट्या, एकही दुसरीला लागलेली नाही.

मग अ‍ॅग्रिगोमीटर लावला. तत्त्व सोपं आहे. प्लेटलेट्स असलेला प्लाझ्मा गढूळ दिसतो. प्लेटलेट्स बिलगून गोळे झाले की तो निवळतो, पलीकडे जास्त प्रकाश जातो आणि आलेख चढतो. नळीत बारीकशी कांडी सतत फिरत ठेवावी लागते, कारण एकमेकींवर आपटल्याशिवाय त्या बिलगत नाहीत. एडीपी घातलं, आलेख सपाट. कोलॅजन, सपाट. एपिनेफ्रिन, सपाट. शेवटी रिस्टोसेटिन घातलं आणि आलेख चढला.

इथे थांबून विचार कर. रिस्टोसेटिन हे एक जुनं अँटिबायोटिक. त्याने प्लेटलेट्स कमी होतात म्हणून औषध म्हणून ते बंद झालं आणि प्रयोगशाळेत राहिलं. वाहत्या रक्ताचा जोर धाग्यावर जे करतो तेच ते नळीत करतं, म्हणजे व्हॉन विलेब्रँड फॅक्टर आणि जीपी वन-बी यांची गाठ घालून देतं. त्यासाठी प्लेटलेट जागी व्हावी लागत नाही, फॉर्मलिनमध्ये मारलेल्या प्लेटलेट्सही गोळा होतात. तेव्हा या मुलीची चिकटण्याची सोय शाबूत होती आणि फक्त बिलगण्याची नव्हती. पेशीवरचे रिसेप्टर मोजणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीत जीपी टू-बी थ्री-ए जवळजवळ सापडलंच नाही. हा ग्लान्झमनचा आजार, 1918 मध्ये पहिल्यांदा वर्णन झालेला.

चित्र उलटं असतं तर? एडीपी आणि कोलॅजनला आलेख चढतो, रिस्टोसेटिनला सपाट राहतो. मग बिघाड चिकटण्यात. तो धाग्यात आहे की रिसेप्टरमध्ये, हे ओळखायला निरोगी माणसाचा प्लाझ्मा मिसळून बघायचं. त्याने सुधारलं तर फॅक्टरची कमतरता. नाही सुधारलं, प्लेटलेट्स कमी आणि आकाराने अवाढव्य, तर जीपी वन-बीची, म्हणजे बर्नार्ड-सुलिए हा आजार. व्हायव्हात हमखास विचारतात.

एक मात्र सांगून ठेवते. ही तपासणी फार लहरी आहे. नमुना फ्रिजमध्ये ठेवला की वाया गेला, तासन्‌तास पडून राहिला तरीही. आणि रुग्णाने आठवड्याभरात अ‍ॅस्पिरिन घेतलेलं असेल तर आलेख फसवतो.

आजी विचारेलच की तिची अ‍ॅस्पिरिनची गोळी यात कुठे बसते. चिकटण्यात नाही आणि थेट बिलगण्यातही नाही. ती हाका बंद करते. कॉक्स-वनला ती कायमचं निकामी करते, आणि प्लेटलेटला केंद्रक नसल्याने ती नवं एन्झाइम करू शकत नाही. ती प्लेटलेट उरलेले दिवस मुकीच फिरते. प्लेटलेटचं आयुष्य 7 ते 10 दिवसांचं, म्हणून गोळीचा परिणामही तेवढाच रेंगाळतो. एडीपीची हाक मात्र चालूच असते, आणि तीही बंद करायची असेल तेव्हा डॉक्टर जोडीला क्लोपिडोग्रेल देतात.

रविवारी फोन कर. तेव्हा एडीपीचे दोन रिसेप्टर वेगवेगळी कामं कशी करतात ते तू मला सांग.

आई